अर्थ मॅटची जाळी आणि यार्डातली खडी: स्टेप व टच पोटेन्शियल तपासण्याची रीत

उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला अर्थिंगविषयी जो पहिला आकडा सांगितला जातो, तो बहुधा रोधाचा असतो. अर्थ मॅटचा रोध एक ओहमच्या आत हवा, असे त्याला सांगतात, आणि मेगरवर ०.८ ओहम दिसले की अर्थिंग चांगले आहे असे मानून तो पुढच्या कामाला लागतो. हा आकडा आवश्यक आहे. परंतु फॉल्टच्या क्षणी आयसोलेटरच्या हँडलला हात लावून उभा असलेला माणूस वाचेल की नाही, हे त्यातून कळत नाही. मॅटमध्ये ५००० अँपिअर शिरले आणि तिचा रोध ०.८ ओहम असला, तर संपूर्ण मॅट दूरच्या जमिनीच्या तुलनेत ४००० व्होल्टवर जाते. अशा वेळी माणसाचा जीव त्याच्या हाताखालच्या लोखंडात आणि पायाखालच्या जमिनीत किती फरक आहे, यावर अवलंबून असतो. या लेखात तो फरक मोजण्याची आणि आटोक्यात आणण्याची रीत एकाच उदाहरणावर पायरीपायरीने मांडली आहे.

उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले आकडे प्रत्यक्षात भेटतात तसेच आहेत: १३२/३३ केव्हीचे उपकेंद्र, ६० मीटर बाय ६० मीटरची अर्थ मॅट, ४० मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा रॉड, आणि तो पुरण्याची खोली ६०० मिलिमीटर. गणिताची सूत्रे आयईईई ८० या मानकातील, म्हणजे आपल्याकडेही अर्थ मॅटच्या आराखड्यासाठी सर्रास वापरली जाणारी आहेत.

दोन पोटेन्शियल कुठे निर्माण होतात

फॉल्ट करंट मॅटच्या रॉडमधून मातीत उतरतो आणि बाहेर पसरत जातो. रॉडच्या थेट वरच्या जमिनीचे विभव मॅटच्या विभवाच्या जवळपास असते, पण दोन रॉडांच्या मधल्या जमिनीवर ते उतरलेले असते. बाजेची वीण जितकी विरळ तितकी दोन सुंभांमध्ये अंथरुणाची झोळी खोल पडते, तसेच हे आहे. सबंध बाज कितीही उंच उचलली तरी त्यावर बसलेल्याला उंची जाणवत नाही. त्याला जाणवते ती झोळी.

स्ट्रक्चर, ट्रान्सफॉर्मरची टाकी, हँडल, मार्शलिंग बॉक्स हे सर्व मॅटला जोडलेले असल्यामुळे मॅटच्याच विभवावर असतात. त्यांना हात लावणाऱ्याचे पाय मात्र साधारण एक मीटर अंतरावरच्या जमिनीवर, कदाचित झोळीच्या तळाशी, असतात. हात आणि पाय यांच्यामधल्या या फरकाला टच पोटेन्शियल म्हणतात. कशालाही हात न लावता नुसते चालणाऱ्या माणसाच्या दोन पावलांमध्ये, एक मीटर अंतर धरून, जो फरक पडतो ते स्टेप पोटेन्शियल. मॅटच्या आत टच पोटेन्शियल सर्वाधिक असते ते कोपऱ्यातल्या चौकटीच्या मध्याजवळ, कारण मॅटच्या कडांमधून आणि कोपऱ्यांमधून दर मीटरला जास्त विद्युतधारा मातीत उतरते. याला मेश व्होल्टेज म्हणतात, आणि आराखडा त्यालाच धरून तपासायचा असतो. स्टेप पोटेन्शियल सर्वाधिक असते ते कोपऱ्याच्या शेवटच्या रॉडपासून बाहेरच्या बाजूला, कारण तिथे जाळी संपते आणि विभव एकदम उतरू लागते.

पहिली पायरी: जमिनीची रोधकता

वेन्नर पद्धतीत चार खुंट्या एका सरळ रेषेत समान अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून विद्युतधारा सोडतात, आतल्या दोन खुंट्यांमधले विभवांतर मोजतात, आणि त्यांच्या भागाकाराने मिळालेल्या रोधावरून रोधकता काढतात.

```
ρ = 2 × π × a × R
```

खुंट्यांमधले अंतर ४ मीटर असताना मेगरवर ४ ओहम दिसले, तर रोधकता १०० ओहम-मीटर येते. आपल्या उदाहरणात हाच आकडा धरू. हे मोजमाप एकाच अंतरावर थांबवू नये. अंतर १, २, ४, ८, १६ मीटर असे वाढवत नेले की मोजमापात अधिकाधिक खोलवरची माती येते. महाराष्ट्राच्या पठारावर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली बेसाल्ट असा थर नेहमीच आढळतो. अंतर वाढवताना रोधकता झपाट्याने वाढत गेली, तर खाली खडक आहे आणि विद्युतधारा खोलवर न जाता वरच्या थरातूनच आडवी पसरणार आहे, असे समजावे. अशा जागी या लेखातली एकाच रोधकतेची सूत्रे अपुरी पडतात आणि दोन थरांची जमीन धरणारी संगणकीय आज्ञावली वापरावी लागते. मोजमाप एप्रिल-मे महिन्यात, माती कोरडी असताना घ्यावे. भर पावसाळ्यात घेतलेला आकडा आराखड्याला फसवा दिलासा देतो.

दुसरी पायरी: मॅटमध्ये किती विद्युतधारा शिरते आणि किती वेळ

उपकेंद्रातल्या फॉल्टचा संपूर्ण करंट मातीत जात नाही. त्याचा एक भाग लाइनच्या वरच्या अर्थ वायरमधून मनोऱ्यांकडे परततो, आणि जो भाग त्याच उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून येतो तो मॅटच्या धातूतूनच फिरून परत जातो. आपल्या उदाहरणात एक फेज जमिनीला लागल्यावर ८००० अँपिअर वाहतात आणि त्यांपैकी ५००० अँपिअर मातीत उतरतात, असे धरले आहे. हा वाटा अर्थ वायरींची संख्या व मनोऱ्यांचा रोध पाहून काढायचा असतो. नवख्याला तो काढता येत नसेल, तर संपूर्ण करंट मातीत जातो असे धरणे सुरक्षित असते, मात्र त्याने लोखंडाचा खर्च बराच वाढतो.

काळ ०.५ सेकंद धरू. इथे एक चूक वारंवार होते: मुख्य संरक्षण १०० मिलिसेकंदांत फॉल्ट तोडते म्हणून तोच काळ धरला जातो, आणि मुख्य संरक्षण चुकले तर बॅकअप रिले किती वेळ घेईल याचा विचार राहून जातो. या काळाचा परिणाम किती मोठा आहे, ते पुढे दिसेल.

तिसरी पायरी: माणूस किती सोसू शकतो

कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांच्या प्रयोगांवरून असे मानले जाते की ५० किलो वजनाच्या माणसाच्या हृदयात घातक कंप सुरू न होता त्याच्या शरीरातून जाऊ शकणारी विद्युतधारा, अँपिअरमध्ये, ०.११६ भागिले सेकंदांतील काळाचे वर्गमूळ इतकी असते. ०.५ सेकंदासाठी ती ०.१६४ अँपिअर, म्हणजे १६४ मिलिअँपिअर येते. शरीराचा रोध १००० ओहम धरतात. हातमोजे आणि बूट यांचा रोध मुद्दाम धरत नाहीत, कारण ओले किंवा फाटलेले बूट काहीच संरक्षण देत नाहीत.

शरीराबरोबर दुसराही रोध साखळीत असतो, तो पावलाखालच्या जमिनीचा. एका पावलाखालचा रोध पृष्ठभागाच्या रोधकतेच्या साधारण तिप्पट येतो. हाताने स्पर्श केल्यावर दोन्ही पावले समांतर येतात म्हणून तो दीडपट होतो. चालताना विद्युतधारा एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते म्हणून तो सहापट होतो. यावरून सह्य मर्यादा अशा मिळतात:

```
E_touch = (1000 + 1.5 × Cs × ρs) × 0.116 / √t
E_step  = (1000 + 6   × Cs × ρs) × 0.116 / √t
```

यात ρs ही ज्या थरावर पाय आहेत त्याची रोधकता, आणि Cs हा पातळ थरासाठीचा गुणक, जो पुढे येईल. उघड्या मातीवर ती १०० आणि Cs एक असतो. तेव्हा टच पोटेन्शियलची मर्यादा ११५० गुणिले ०.१६४, म्हणजे १८९ व्होल्ट, आणि स्टेपची मर्यादा २६२ व्होल्ट येते.

आता जमिनीवर १० सेंटिमीटर खडी पसरली असे समजू. स्वच्छ खडीची ओल्या स्थितीतली रोधकता ३००० ओहम-मीटर धरू. थर पातळ असल्यामुळे त्याखालच्या मातीचा परिणाम काही प्रमाणात वरही पोचतो, आणि तेवढी वजावट करणारा गुणक म्हणजे Cs. त्याच्या सूत्रात hs ही मीटरमध्ये खडीची जाडी आहे:

```
Cs = 1 - 0.09 × (1 - ρ/ρs) / (2 × hs + 0.09)
```

आपल्या आकड्यांनी Cs ०.७ येतो. टच पोटेन्शियलची मर्यादा १००० अधिक ३१५०, म्हणजे ४१५० गुणिले ०.१६४, अर्थात ६८१ व्होल्ट होते, आणि स्टेपची २२३१ व्होल्ट. म्हणजे खडीने टचची मर्यादा साडेतीन पटींहून अधिक आणि स्टेपची आठ पटींहून अधिक वाढवली.

खडी नेमके काय करते, हे इथे नीट समजून घ्यावे, कारण अनुभवी माणसेही याबाबत गल्लत करतात. खडी हँडल आणि जमीन यांच्यातले विभवांतर कमी करत नाही. ते विभवांतर मातीतल्या जाळीने ठरते आणि खडी टाकली काय, न टाकली काय, जवळपास तेवढेच राहते. खडी शरीराच्या साखळीत ३१५० ओहम घालते, त्यामुळे एकूण विभवांतरातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पावलाखालीच खर्ची पडतो आणि शरीराच्या वाट्याला चौथ्या हिश्श्याहून कमी येतो. उघड्या मातीवर मात्र ११५० ओहमांपैकी १००० शरीराचेच असल्यामुळे जवळजवळ सगळे विभवांतर माणसाच्याच वाट्याला येते.

चौथी पायरी: जाळीचे अंतर

प्रथम १० मीटर अंतराची जाळी घेऊ. ६० मीटरच्या चौरसात प्रत्येक दिशेला सात रॉड, म्हणजे एकूण ८४० मीटर लांबी. मॅटचा रोध ०.८५ ओहम येतो आणि ५००० अँपिअरला मॅटचे विभव सुमारे ४२४० व्होल्टवर जाते. हा आकडाच ६८१ पेक्षा कमी असता, तर पुढे काही तपासण्याची गरज नव्हती. तो तसा क्वचितच असतो, म्हणून मेश व्होल्टेज काढावे लागते:

```
Em = ρ × Km × Ki × IG / LM
```

इथे IG ही मातीत उतरणारी विद्युतधारा आणि LM ही पुरलेल्या रॉडांची परिणामी लांबी. Km हा जाळीच्या भूमितीचा गुणक असून तो रॉडांमधले अंतर, खोली आणि व्यास यांवरून ठरतो. त्याचे सूत्र लांबलचक आहे, पण एकदा स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवले की काम भागते. Ki हा कडांना अधिक विद्युतधारा जाते याची नोंद घेणारा गुणक, आणि चौरस जाळीसाठी तो ०.६४४ अधिक ०.१४८ गुणिले एका दिशेच्या रॉडांची संख्या इतका असतो. १० मीटरच्या जाळीसाठी Km ०.८०९ आणि Ki १.६८ येतो, आणि त्यांवरून मेश व्होल्टेज ८०९ व्होल्ट मिळते. मर्यादा ६८१ आहे. म्हणजे मॅटचा रोध एक ओहमच्या आत असून, खडीही टाकलेली असून हा आराखडा नापास होतो.

आता अंतर ६ मीटर करू. प्रत्येक दिशेला अकरा रॉड, एकूण १३२० मीटर. Km ०.६०७ आणि Ki २.२७ होतो, आणि मेश व्होल्टेज ५२२ व्होल्टवर येते. ते ६८१ च्या आत आहे. या बदलात रोधाचे काय झाले, हे मी प्रत्येक शिकाऊ अभियंत्याला स्वतः काढून पाहायला सांगतो. तो ०.८५ वरून ०.८१ ओहमवर आला, म्हणजे फक्त पाच टक्के घटला. मेश व्होल्टेज मात्र पस्तीस टक्क्यांनी घटले. रोध मुख्यतः मॅटने व्यापलेल्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि ते ३६०० चौरस मीटरच राहिले. जाळीची वीण घट्ट केल्याने झोळी उथळ होते, बाजेची उंची तेवढीच राहते. म्हणूनच केवळ रोध मोजून टच पोटेन्शियलविषयी काहीही ठरवता येत नाही.

मग वीण आणखी घट्ट करून खडीशिवाय भागवता येईल का? ३ मीटर अंतर घेऊ. लांबी २५२० मीटर, म्हणजे पहिल्या जाळीच्या तिप्पट लोखंड. मेश व्होल्टेज २४९ व्होल्ट येते, आणि उघड्या मातीची मर्यादा १८९ आहे. तिप्पट लोखंड पुरूनही उघड्या मातीवरचा माणूस सुरक्षित होत नाही. याहून दाट, २.५ मीटरच्या खालचे अंतर हे सूत्राच्या वैधतेच्या कक्षेबाहेरच जाते. दुसरीकडे, १० मीटरच्या जाळीत खडी असूनही मर्यादा ओलांडली जाते, हेही आपण पाहिले. लोखंडाने विभवांतर एका पातळीपर्यंत उतरवायचे आणि उरलेला भाग खडीने पावलाखाली खर्च करायचा, अशी ही विभागणी आहे.

परिघावर ३ मीटर लांबीचे वीस उभे अर्थ रॉड ठोकले, तर ६ मीटरच्या जाळीचे मेश व्होल्टेज ५२२ वरून ३९५ व्होल्टवर येते. ते रॉड कडेला ठोकल्यामुळेच एवढा फरक पडतो, कारण कडेची जादा विद्युतधारा ते खोलवर घेऊन जातात. १० मीटरच्या जाळीलाही तेच रॉड दिले, तर ८०९ चे ६२९ होतात आणि कागदावर तोही आराखडा पास होतो. मी मात्र तो स्वीकारणार नाही. तिथे हाताशी जेमतेम ५० व्होल्ट उरतात, आणि खडी पहिल्या दिवसासारखी कधीच राहत नाही.

आयसोलेटरच्या हँडलजवळ माणूस हमखास उभा राहतो आणि फॉल्ट होण्याची शक्यताही नेमकी हँडल फिरवतानाच जास्त असते. म्हणून तिथे मुख्य जाळीवर विसंबू नये. साधारण दीड मीटर चौरसाची, ३० सेंटिमीटर अंतराची लहान पूरक मॅट ३० सेंटिमीटर खोलीवर टाकून ती हँडल आणि मुख्य मॅट या दोहोंना जोडावी. त्यामुळे हँडल आणि पायाखालची जमीन जवळजवळ एकाच विभवावर राहतात. मात्र ती नेमकी चालकाच्या पायाखाली येते का, हे जागेवर जाऊन पाहावे लागते. हँडल दुसऱ्या बाजूला बसवले गेले आणि पूरक मॅट मूळच्याच जागी राहिली, तर तिचा काहीही उपयोग होत नाही.

पाचवी पायरी: कुंपणाची बाजू

स्टेप पोटेन्शियलचे गणित केले तर १० मीटरच्या जाळीसाठी ४३५ आणि ६ मीटरच्या जाळीसाठी ४२० व्होल्ट येतात. म्हणजे जाळी दाट केल्याने यात जवळजवळ फरक पडत नाही. त्याचे कारण सर्वाधिक स्टेप पोटेन्शियलच्या जागेत आहे. ती जागा मॅटच्या कोपऱ्याच्या बाहेर आहे, आणि आतली वीण कितीही घट्ट केली तरी कड ती कडच राहते. तिथला परिणाम मुख्यतः कडेचा रॉड किती खोल आहे यावर ठरतो, म्हणून काही ठिकाणी परिघाचा रॉड, निदान कोपऱ्यांत, अधिक खोल पुरतात.

खडी असलेल्या जागी स्टेपची मर्यादा २२३१ व्होल्ट असल्यामुळे ४२० ची काळजी नाही. उघड्या मातीवर मर्यादा २६२ आहे, तेव्हा खडी कुंपणाशीच संपवली तर कोपऱ्याबाहेरून जाणारा माणूस, किंवा चरायला आलेले जनावर, धोक्यात येते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि विद्युतधारेचा मार्ग छातीतून जातो, त्यामुळे त्याला धोका माणसाहून अधिक असतो. यासाठी परिघाचा रॉड कुंपणाच्या एक मीटर बाहेरून न्यावा, लोखंडी कुंपण त्याला ठिकठिकाणी जोडावे, आणि खडीचा पट्टा त्या रॉडच्याही बाहेर किमान एक मीटर न्यावा. बाहेरून कुंपणाला हात लावणाऱ्याचे पाय त्यामुळे मॅटच्या आतच राहतात. आपल्या उदाहरणात मॅट ६० मीटर धरली आहे, म्हणून कुंपण ५८ मीटर चौरसाचे येईल. उपकेंद्राची हद्द आखतानाच ही दोन मीटरची जागा राखावी लागते, नाहीतर परिघाचा रॉड कुंपणाच्या आत ढकलला जातो.

सहावी पायरी: खडी टिकवणे

खडीबाबत सर्वांचे लक्ष जाडीकडे असते, कारण ती पट्टीने मोजता येते. जाडी बदलून आपल्या उदाहरणातली टचची मर्यादा पुन्हा काढू. ५ सेंटिमीटरला ५६४ व्होल्ट, १० सेंटिमीटरला ६८१, आणि १५ सेंटिमीटरला ७३८. म्हणजे ६ मीटरच्या जाळीच्या ५२२ व्होल्टसाठी जाडी निम्मी झाली तरी आराखडा कसाबसा तग धरतो. आता जाडी १० सेंटिमीटरच ठेवून रोधकता बदलू. खडीत माती मिसळून तिची ओली रोधकता ३००० वरून १००० वर आली, तर मर्यादा ३४१ व्होल्टवर कोसळते. ५२२ व्होल्टची जाळी आता नापास, आणि परिघावर उभे रॉड असलेली ३९५ व्होल्टची जाळीसुद्धा नापास.

हे मी एका यार्डात पाहिले आहे. केबलसाठी चर खणताना खडी आणि मुरूम एकाच ढिगात टाकले गेले, आणि काम संपल्यावर तेच मिश्रण समतल करून पसरले. वरून पाहता यार्ड नीटनेटके दिसत होते, जाडीही भरत होती. पाऊस पडल्यावर मात्र त्या पट्ट्यात चिखल वर आला आणि दोन महिन्यांत गवत उगवले. जिथे गवत रुजते तिथे खडीत मुळे धरण्याइतकी माती आहे, असे खुशाल समजावे. नुसते गवत कापून हा दोष जात नाही. खडी उचलून, चाळून, धुऊन पुन्हा पसरावी लागते, आणि चर खणण्याच्या कामाच्या करारातच खडी व माती वेगळी ठेवण्याची अट घालावी लागते.

खडी साधारण २० ते ४० मिलिमीटर आकाराची, धुतलेली आणि बारीक चुऱ्याशिवाय असावी. चुरा पोकळ्या भरतो, पोकळ्यांत पाणी साचते, आणि पाण्यातून विद्युतधारेला अखंड वाट मिळते. खाणीतून आलेल्या खडीची रोधकता भिजवून मोजून घ्यावी, ३००० हा आकडा आराखड्यात लिहिला आहे म्हणून तो गृहीत धरू नये. यार्डाला उतार आणि पाणी जायला गटार नसेल, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच आजूबाजूचा गाळ खडीत येऊन बसतो.

काळाचा मुद्दाही इथेच तपासून घ्यावा. खडी उत्तम असताना, परंतु फॉल्ट तुटायला ०.५ ऐवजी १ सेकंद लागला, तर मर्यादा ६८१ वरून ४८१ व्होल्टवर येते आणि ५२२ व्होल्टची जाळी नापास होते. बॅकअप रिलेची सेटिंग बदलणाऱ्या माणसाला आपण अर्थ मॅटच्या आराखड्यात हात घालतो आहोत याची बहुधा कल्पना नसते. म्हणून आराखड्यात धरलेला काळ रिलेच्या सेटिंगच्या नोंदवहीतही लिहून ठेवावा. परिघावरच्या उभ्या रॉडांचा खर्च मला याच कारणाने योग्य वाटतो: ३९५ व्होल्टची जाळी १ सेकंदालाही पास होते.

सातवी पायरी: बांधल्यावर मोजणे

रोध मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत मॅटचा एकूण रोधच कळतो, हे वर आले आहे. टच पोटेन्शियल मोजण्यासाठी दूरच्या एका इलेक्ट्रोडपर्यंत तार नेऊन मॅटमध्ये काही अँपिअर विद्युतधारा सोडावी लागते. तिची वारंवारता ५० हर्ट्झहून थोडी वेगळी ठेवतात, म्हणजे चालू यार्डातल्या भटक्या विद्युतधारांपासून ती वेगळी ओळखता येते. मग स्ट्रक्चर आणि त्यापासून एक मीटरवर जमिनीत रोवलेली खुंटी यांच्यामधले विभवांतर वाचतात. ५ अँपिअर सोडले असतील, तर आपल्या उदाहरणासाठी वाचनाला १००० ने गुणावे. ०.५२ व्होल्ट वाचले तर प्रत्यक्ष फॉल्टला ५२० व्होल्ट येतील.

खडीचीही परीक्षा घ्यायची असेल, तर खुंटीऐवजी भिजवलेल्या खडीवर पावलांच्या आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या वजनाखाली दाबून ठेवतात आणि व्होल्टमीटरला समांतर १००० ओहमचा रोध जोडतात. तो रोध माणसाच्या शरीराच्या जागी असतो. त्यावर ०.१६४ व्होल्टहून अधिक वाचन आले, तर ५००० अँपिअरला शरीरातून १६४ मिलिअँपिअरहून अधिक जाणार, म्हणजे मर्यादा ओलांडली. दोन्ही वाचने एकाच जागी घ्यावीत. पहिले जास्त आणि दुसरे मर्यादेत असेल, तर तिथली सुरक्षितता खडीवर टिकून आहे. दोन्ही जवळजवळ सारखी असतील, तर त्या जागी खडी नावालाच उरली आहे.

मोजण्यासाठी जागा निवडताना चारही कोपऱ्यांतली स्ट्रक्चर, सर्व हँडल, आणि कुंपणाचे फाटक आतून व बाहेरून, एवढ्या जागा सोडू नयेत. कोपऱ्यात अपेक्षेहून कितीतरी जास्त वाचन आले आणि शेजारच्या स्ट्रक्चरला तसे नसेल, तर त्या भागातल्या आडव्या रॉडचा जोड निखळला असण्याची किंवा तिथला रॉड मुळात टाकलाच नसल्याची शक्यता धरून तेवढी जमीन उकरून पाहावी. एखाद्या एकाच स्ट्रक्चरचे वाचन शेजाऱ्यांशी अजिबात जुळत नसेल, तर आधी त्याला मॅटशी जोडणारा उभा वाहक, म्हणजे रायझर, मॅटपर्यंत सलग आहे का ते तपासावे. जमिनीच्या पातळीवर, जिथे माती आणि हवा मिळतात, तिथेच रायझर सर्वाधिक गंजतो, आणि खडी बाजूला सारल्याशिवाय तो गंज दिसत नाही.